फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर: कुठल्या बाजूने चालायचं आणि कुठे ओलांडायचं

सोलापूर शहर जिथे विरळ व्हायला लागतं, तिथे फुटपाथ आधी संपतो आणि वस्ती बरीच नंतर. होटगीकडे जा, कुंभारीकडे जा, नाहीतर मंगळवेढ्याकडे. नव्या कॉलन्या दिसतात, मध्येच ज्वारीचं रान लागतं, आणि चालणाऱ्याच्या वाट्याला येते ती साइडपट्टी. उन्हाळ्यात मुरमाची आणि धुळीची, पावसात काळ्या मातीच्या चिखलाची. त्या साइडपट्टीवरून रोज माणसं चालतात. विड्या घेऊन कंपनीत निघालेल्या बाया असतात, शाळेची पोरं असतात, बसमधून उतरून घर गाठणारे असतात.

मी त्यांच्यातलीच एक. संध्याकाळी आईला बस थांब्यावरून घरी आणते. अंतर साधारण ७०० मीटर. आईचं वय सत्तरीच्या पुढे, चाल हळू. रस्ता दोन पदरी, मध्ये डिव्हायडर नाही. थांब्याच्या पुढे एक स्पीडब्रेकर आहे, मग सरळ पट्टा, शेवटी उजवीकडे वळण, आणि वळणापुढे डाव्या हाताला आमचं घर. ही एकच वाट नीट उलगडून सांगते. तुमच्या रस्त्यावर अंतरं वेगळी निघतील, पण ती काढायची रीत हीच.

समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे

"डाव्या बाजूने चाला" हे लहानपणापासून आपल्या कानात बसलंय. तो नियम गाड्यांचा. फुटपाथ नसेल तर पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे जवळच्या पदरातली गाडी तोंडासमोरून येते. डाव्या कडेने चाललात तर तीच गाडी पाठीमागून येते आणि तुमची सगळी भिस्त कानांवर राहते. इलेक्ट्रिक स्कूटरचा तर आवाजच नसतो.

समोर दिसण्याने काय मिळतं, तर वेळ. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर कापते. तुम्ही तिला ७० मीटरवर पाहिलंत तर पाच सेकंद हातात असतात, आणि डांबरावरून साइडपट्टीवर एक पाऊल टाकायला एक सेकंद पुष्कळ झाला. पाठीमागून आलेल्या गाडीची चाहूल कधी कधी त्या शेवटच्या सेकंदातच लागते.

पण आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. मी उजव्या कडेने चालायला लागले त्याच्या पहिल्याच आठवड्यात मागून एक मोटरसायकल आली आणि हँडल माझ्या पिशवीला घासून गेलं. राँग साइडने चालला होता तो. मला आधी त्याचाच राग आला. नंतर घडलं कसं ते कळलं. समोरून एक कार येत होती. कार आली तशी त्याला डांबरावर जागा उरली नाही, म्हणून तो सरळ साइडपट्टीवर उतरला, आणि साइडपट्टीवर मी होते.

म्हणजे उजव्या कडेने चालताना मागून दोन प्रकारच्या गाड्या येऊ शकतात. एक ही राँग साइडची दुचाकी. दुसरी ओव्हरटेक करणारी गाडी, जी पुढच्या गाडीला मागे टाकायला तुमच्या जवळच्या पदरात शिरते. दोन्ही तुमच्या डाव्या खांद्याच्या बाजूने येतात, कारण रस्ता तुमच्या डावीकडे असतो. यावर मी एक सवय लावून घेतलीय. समोरून गाडी येताना दिसली आणि ती विजेच्या दोन-तीन खांबांइतक्या अंतरावर आली की डाव्या खांद्यावरून एकदा मागे बघायचं. राँग साइडवाला असलाच तर तो साइडपट्टीवर उतरण्याची वेळ तीच असते. मागून लांबलचक हॉर्न ऐकू आला तर तो ओव्हरटेकचा समजायचा आणि लगेच एक पाऊल आणखी आत सरकायचं.

बरोबर कुणी असेल तर एकामागे एक चालायचं. साइडपट्टी रुंद असेल तेवढ्याच भागात शेजारी-शेजारी. तेव्हा आई माझ्या उजवीकडे, म्हणजे रानाच्या अंगाला, आणि रस्त्याच्या अंगाला मी. लहान मूल असेल तर त्याचं मनगट धरावं. बोट धरलं की ते हिसका देऊन सुटतं.

पाय कुठे पडतो हेही बघायला हवं. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी चार-सहा इंचांची पायरी तयार झालेली असते. त्या कडेवरूनच चालत राहिलं तर पाय मुरगळतो आणि तोल जातो तो रस्त्याकडे. म्हणून कडेपासून निदान एक हात आत चालायचं. पावसात काळी माती चपलेला धरते आणि डांबरावर यावंच लागतं. अशा वेळी मागेपुढे रिकामं असेल तेवढ्यापुरतं डांबरावर, गाडी दिसली की थांबून मातीत. चालत राहून गाडीला वाट देण्यापेक्षा थांबून दिलेली बरी.

उसाची ट्रॉली

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांचं गणितच बदलतं. दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, रात्रंदिवस. ट्रॉली समोरून येते, हळू येते, म्हणून माणूस गाफील राहतो. धोका तिच्या वेगात नसतो, रुंदीत असतो. ऊस दोन्ही अंगांना ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, आणि मागची ट्रॉली पुढचीच्या मागे सरळ रेषेत चालत नाही. खड्डा लागला की ती डुलते. डाव्या-उजव्या वळणावर तर ती पुढच्या चाकांचा माग सोडून आतल्या बाजूने जाते.

आमच्या गावाकडचा एक ट्रॅक्टरवाला मला म्हणाला होता, "ताई, मोळ्या भरल्या की मागची ट्रॉली मला आरशात दिसतच नाही. ती कुठनं चाललीय ते पुढच्या ट्रॉलीवरनं अंदाजानं."

हे ऐकल्यापासून मी ट्रॉली दिसली की चालत नाही. थांबते, डांबरापासून चार-पाच पावलं आत जाते आणि दोन्ही ट्रॉल्या पूर्ण जाईपर्यंत तोंड तिकडेच ठेवते. कोपऱ्यावर किंवा चौकात असेन तर ट्रॉली ज्या बाजूला वळणार त्या बाजूच्या कोपऱ्यावर उभी राहत नाही, कारण मागची ट्रॉली तोच कोपरा कापते. आणि ट्रॉली गेली म्हणून लगेच रस्त्यात पाऊल टाकत नाही. हळू चाललेल्या ट्रॉलीच्या मागे कंटाळलेल्या दुचाक्यांची रांग असते. तिच्यातली एखादी त्याच क्षणी बाहेर पडते. ट्रॉलीचं शेपूट निदान दोन खांब पुढे गेलं आणि मागचा रस्ता मोकळा दिसला, की मगच.

चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला पोरं धावतात. त्यांना दिसेल तिथे हटकायला हवं. मी हटकते. मोळीतला एक ऊस ओढला की शेजारचे चार सुटतात आणि पोराचा तोल मागच्या ट्रॉलीच्या चाकाकडे जातो.

ओलांडायची जागा आधी ठरवायची

कडेने चालण्यापेक्षा ओलांडणं जास्त धोक्याचं. म्हणून उजवी बाजू गाठण्यासाठी रस्ता दोनदा ओलांडावा लागणार असेल, तर आधी अंतर बघा. शंभर-दीडशे मीटरच जायचंय, डावीकडची साइडपट्टी रुंद आहे, उजेड आहे, तर ओलांडू नका. डावीकडूनच, डांबर सोडून, दर थोड्या वेळाने मागे बघत चला. अंतर मोठं असेल तर मात्र ओलांडण्याची जोखीम घेण्यात अर्थ आहे.

ओलांडायच्या जागेला दोनपैकी एक गोष्ट तरी लागते. गाडी लांबून दिसली पाहिजे, किंवा ती तिथे आपोआप हळू झाली पाहिजे. वळण, चढाचा माथा, उभा ट्रक, टपऱ्यांची रांग, रसवंतीपुढे लागलेल्या गाड्या यांच्याजवळ पहिली गोष्ट मिळत नाही. दुसरी मिळते ती स्पीडब्रेकरवर.

स्पीडब्रेकरवर, म्हणजे अगदी त्याच्यावरच. थोडं अलीकडे किंवा पलीकडे गेलात की एका दिशेच्या गाड्या तिथे पुन्हा वेग घेत असतात. ब्रेकरच्या उंचवट्यावर दोन्ही दिशांच्या गाड्या हळू झालेल्या असतात. पण कडेकडे लक्ष ठेवा. पाणी जायला ब्रेकर दोन्ही टोकांना तोडलेला असतो आणि दुचाकीवाले धक्का चुकवायला नेमके त्या फटीतून काढतात, वेग कमी न करता. ओलांडताना पहिलं पाऊल आणि शेवटचं पाऊल त्या फटीतच पडतं.

बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून तर नाहीच, मागूनही लगेच नाही. बस जाऊ द्यायची. एसटी असो, सिटी बस असो, वडापची जीप असो. ती उभी आहे तोवर तुम्हाला येणारी गाडी दिसत नाही आणि त्या गाडीला तुम्ही दिसत नाही. अर्ध्या मिनिटात रस्ता पूर्ण मोकळा दिसतो.

खांबांनी वेळ मोजायची

"गाडी लांब आहे" म्हणजे किती लांब? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण सरळ आपल्याकडे येणारी गाडी आधी बराच वेळ लहानच दिसते आणि शेवटी एकदम मोठी होते. यावर मी विजेच्या खांबांची मदत घेतली.

दिवसा एकदा दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजून काढलं. माझ्या रस्त्यावर ते ३० मीटरच्या जवळ भरलं. मग कडेला उभं राहून गाडी एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत किती वेळात येते ते मोजलं. बऱ्याच गाड्या दोन सेकंद घेत होत्या. म्हणजे सेकंदाला १५ मीटर, ताशी ५४ किलोमीटर. त्यापेक्षा वेगवानही होत्या, त्यांची दखल पुढे येईलच.

आता आपली बाजू. दोन पदरी रस्त्याचं डांबर साधारण ७ मीटर रुंद. माझ्यासारखीला ते ओलांडायला सहा सेकंद लागतात. आईला आठ ते नऊ. त्यावर दोन सेकंद राखीव धरायचे, कारण चप्पल निसटते, माणूस क्षणभर अडखळतो. मला एकटीला आठ सेकंद हवेत, म्हणजे गाडी निदान चार खांब लांब हवी. आई बरोबर असेल तर ११ सेकंद, म्हणजे १६५ मीटर. पूर्ण खांबांत सांगायचं तर सहा. दोन्ही दिशांना सहा-सहा खांबांत गाडी नाही, तरच पाऊल. गाडी नेहमीपेक्षा वेगात वाटली तर खांब न मोजता तिला जाऊ द्यायचं.

ब्रेकरवर हेच गणित किती सोपं होतं बघा. तिथे गाड्या ताशी २० पर्यंत येतात, सेकंदाला साडेपाच मीटर. ११ सेकंदांत त्या ६० मीटर कापतील, म्हणजे दोनच खांब. मात्र समोरची गाडी खरोखर हळू झालीय हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ब्रेकर आहे म्हणून ती होईलच असं धरून चालायचं नाही.

ओलांडताना सरळ. तिरकं गेलं की ७ मीटरचे १० होतात, दोन-तीन सेकंद वाढतात, आणि एका बाजूच्या गाड्यांकडे पाठ होते. आपल्याकडे घराच्या दिशेने तिरकं निघायची फार सवय आहे. आईची ती सवय मोडायला मला महिना लागला. मध्येच बिचकून मागे फिरायचं नाही. तुमची चाल बघून ड्रायव्हरने आपली वाट ठरवलेली असते. मागे फिरलात तर तुम्ही नेमके त्याच वाटेवर येता.

कुणी भला माणूस गाडी थांबवून हाताने "जा" म्हणतो. त्याच्या बॉनेटच्या कडेपर्यंतच जा, तिथे थांबा, आणि वाकून त्याच्या पलीकडे बघा. त्याला ओलांडून कुणी दुचाकीवाला पुढे काढत नाही ना? चौपदरी रस्त्यावर तर हे प्रत्येक वेळी करायला हवं, कारण शेजारच्या पदरातल्या गाडीला तो का थांबलाय हे दिसतच नसतं.

चौपदरी रस्त्याला एक सोय असते. डिव्हायडर पायावर नीट उभं राहता येण्याइतका रुंद, चारेक फूट, असेल तर रस्ता दोन तुकड्यांत ओलांडता येतो. आधी उजवीकडे बघून पहिला तुकडा, मध्ये थांबून डावीकडे बघून दुसरा. डिव्हायडर अरुंद असेल, किंवा त्यावर झाडं-जाळी असेल, तर तिथे उभं राहण्याची जागा नाही असंच समजा. डिव्हायडरमधल्या ज्या फटीतून गाड्या यू-टर्न घेतात तिथे मी ओलांडत नाही. वळणाऱ्याचं लक्ष समोरून येणाऱ्या गाड्यांवर असतं, पायाखाली कोण आहे यावर नसतं.

आमची ७०० मीटरची वाट

आई उतरते ती डाव्या बाजूला. घरही डावीकडेच. पहिल्यांदा आम्ही अख्खी वाट डावीकडून, पाठीमागे गाड्या घेऊन चालायचो. आता अशी चालतो.

बस जाऊ देतो. ६० मीटरवरच्या स्पीडब्रेकरपर्यंत डावीकडूनच, डांबर सोडून. ब्रेकरवर दोन्ही बाजू बघून, कडेच्या फटीत दुचाकी नाही याची खात्री करून, आईचं मनगट धरून सरळ पलीकडे. मग साडेतीनशे मीटर उजव्या कडेने, गाड्या समोर घेऊन. हा सगळ्यात निवांत भाग, कारण प्रत्येक गाडी आधीच दिसते. फक्त डाव्या खांद्यावरून मागे बघणं सोडायचं नाही.

पुढे रस्ता उजवीकडे वळतो. उजव्या कडेने तसंच गेलो तर आम्ही वळणाच्या पोटात सापडू. बाभळीच्या झुडपांमुळे समोरून येणाऱ्याला आम्ही अगदी शेवटी दिसू. म्हणून उजव्या वळणाआधी डावीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला यायचं. पण किती आधी? आईला सहा खांब लागतात. वळणातून गाडी निघाली त्या क्षणी आम्ही पहिलं पाऊल टाकलेलं असलं तरी आम्ही पार व्हायला हवं. म्हणून वळणाच्या तोंडापासून मागे सहा खांब मोजून तो खांब मी ठरवून ठेवलाय. त्याच्यावर एका जुन्या कॉम्प्युटर क्लासचा फाटका बोर्ड आहे. आई त्याला "आपला खांब" म्हणते. तिथेच ओलांडायचं, त्याच्या पुढे कधीही नाही.

तिथून घरापर्यंत जवळपास तीनशे मीटर पुन्हा डावीकडून, गाड्या पाठीमागे. ही या वाटेची उणी बाजू आहे आणि ती पूर्ण टाळता येत नाही. बाहेरच्या अंगाला दिसायला बरं पडतं, पण वेगात आलेली गाडी वळणावर बाहेरच फेकली जाते. म्हणून या तुकड्यात आम्ही डांबरापासून चार-पाच पावलं आत चालतो, दर खांबाला मी उजव्या खांद्यावरून मागे बघते, आणि मोठी गाडी दिसली की आम्ही दोघी थांबतो.

अंधार पडल्यावर

सहानंतर दोन गोष्टी बदलतात. एकच दिवा दिसला म्हणजे मोटरसायकल असं नसतं, एक दिवा गेलेला ट्रॅक्टर किंवा ट्रकही असू शकतो. आणि रात्री नुसत्या दिव्यावरून वेग कळत नाही. म्हणून अंधारात ब्रेकरवर किंवा दिव्याखाली, एवढ्या दोनच ठिकाणी ओलांडायचं. आमच्या त्या खांबावरचा दिवा बंद असला की आम्ही तिथे रस्ता पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबतो. कधी दोन मिनिटं, कधी पाच.

समोरून हाय बीम आला की डोळे दिपतात. तेव्हा दिव्याकडे न बघता साइडपट्टीच्या कडेकडे बघावं आणि जागच्या जागी थांबावं. दोन्हीकडून गाड्या येत असतील तर दोन प्रकाशांच्या मध्ये उभा माणूस दोघांनाही दिसत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

टॉर्च गुडघ्याच्या उंचीवर, जमिनीकडे धरून, चालीबरोबर हलता ठेवावा. स्थिर दिवा टपरीचा वाटतो, हलणारा माणसाचा वाटतो. आईच्या गडद साडीवर मी पांढरा टॉवेल घ्यायला लावते आणि चपलेच्या पट्ट्याला मागून रिफ्लेक्टर टेप चिकटवलीय, सायकलच्या दुकानात मिळते ती. पाय उचलला की ती चमकते. डावीकडच्या शेवटच्या तीनशे मीटरमध्ये मागून येणाऱ्याला आधी तीच दिसते, म्हणून टेप धुळीने मळली की मी दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसते.